ग्राफिक्स कार्डाची शिट्टी: आवाज कशाचा आणि भ्यायचं कधी

प्रश्न: नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलंय, पॉवर सप्लायही नवीनच आहे, ७५० वॅटचा. गेम सुरू केला की कॅबिनेटमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. मेनू उघडा असताना सर्वांत जास्त, खेळायला लागलं की कमी होतो. हेच ‘कॉइल व्हाइन’ का? यामुळे कार्ड किंवा पॉवर सप्लाय खराब होईल का, की बदलूनच घेऊ?

उत्तर:

हो, कॉइल व्हाइनच आहे, आणि यामुळे कार्ड खराब होणार नाही. मेनूत जास्त आणि खेळताना कमी, हे तुम्ही लिहिलंत त्यावरूनच मला जवळजवळ खात्री पटली. जो आवाज फ्रेम्सच्या संख्येबरोबर बदलतो तो दोषाचा नसतो. हे कसं ओळखायचं आणि कोणत्या आवाजाला मात्र घाबरायचं, ते नीट सांगतो.

ग्राफिक्स चिप साधारण १ व्होल्टवर चालते, तर पॉवर सप्लायकडून कार्डाला १२ व्होल्ट मिळतात. ३०० वॅटच्या कार्डात एकटी चिप २०० वॅटच्या वर घेते, म्हणजे १ व्होल्टला २०० अँपिअरपेक्षा जास्त करंट. १२ व्होल्टचा १ व्होल्ट करण्याचं काम चिपच्या आजूबाजूला ओळीने बसवलेले ‘फेज’ करतात. हीटसिंक काढलं की राखाडी किंवा काळे चौकोनी ठोकळे रांगेत दिसतात, ते या फेजमधले कॉइल, म्हणजेच चोक. प्रत्येक फेजमधले मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतात आणि कॉइल त्या तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या करंटला सलग करतं.

आता बऱ्याच जणांची गफलत इथे होते. मॉसफेटच्या चालू-बंद होण्याचाच आवाज येतो, असं ते धरून चालतात. पण ती वारंवारिता ३०० किलोहर्ट्झ किंवा त्याहून वर असते आणि माणसाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, वय वाढलं की त्याहूनही कमी. म्हणजे स्विचिंग तुमच्या कानावर कधीच पडत नाही. तुम्ही ऐकता ते चिपच्या मागणीचे चढउतार.

कॉइलमधून करंट गेला की तारेच्या वेढ्यांवर चुंबकीय बल येतं, आणि आतला गाभाही चुंबकत्वामुळे किंचित आकार बदलतो. वेढ्यांवरचं बल करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. एका फेजमधला करंट १० अँपिअरवरून २० वर गेला तर ओढ दुप्पट नाही, चौपट होते. हालचाल डोळ्याला कधीच दिसणार नाही इतकी बारीक असते, पण करंट जर सेकंदाला हजार वेळा वरखाली होत असेल तर वेढे सेकंदाला हजार वेळा थरथरतात, आणि तो ऐकू येणारा सूर आहे.

करंट असा वरखाली का होतो? कारण चिप एकसारखं काम करत नाही. प्रत्येक फ्रेम काढताना आधी सावल्या, मग वस्तूंचे आकार, मग प्रकाश, शेवटी चित्रावरचे संस्कार असे टप्पे असतात. काही टप्प्यांत चिप पूर्ण ताकदीने चालते, काहींत मेमरीची वाट बघते. फ्रेम संपली की हेच चक्र पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे कार्डाच्या करंटचा आलेख दर फ्रेमला एकदा स्वतःची पुनरावृत्ती करतो. सेकंदाला १४४ फ्रेम्स असतील तर त्यात १४४ हर्ट्झ आणि त्याच्या पटी असतात: २८८, ४३२, ५७६ आणि पुढे.

आपला कान सर्वांत तिखट असतो तो २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. सेकंदाला ६० फ्रेम्स असताना मूळ सूर ६० हर्ट्झचा. इतका खालचा सूर एवढंसं कॉइल मोठ्याने काढूच शकत नाही. त्याच्या फार वरच्या पटी तेवढ्या कानापर्यंत येतात आणि त्या दुबळ्या असतात, म्हणून हलकी घरघर वाटते. मेनूमध्ये मात्र काढण्यासारखं चित्र फारसं नसतं, आणि गेमने मर्यादा घातली नसेल तर कार्ड सेकंदाला हजार फ्रेम्सही फेकतं. मग सूर १०००, २०००, ३०००, ४००० वर पडतात, बरोबर कानाच्या तिखट पट्ट्यात, आणि थोडेच पण जोरकस. त्यालाच आपण शिट्टी म्हणतो. नंतर खेळ सुरू होतो, दृश्य जड होतं, फ्रेम्स शंभर-दीडशेवर येतात आणि शिट्टी विरते. कार्डाची मेहनत तेव्हाही कमी झालेली नसते.

बोर्डावर आवाजाचा आणखी एक उगम असतो. चिपच्या अवतीभवती तांदळाच्या दाण्याहून लहान सिरॅमिक कपॅसिटर शेकड्यांनी असतात. त्यातलं बेरियम टायटनेट व्होल्टेज बदललं की आकार बदलतं, आणि ते बोर्डाला पक्कं सोल्डर केलेलं असल्यामुळे बोर्डालाही वाकवतं. तारेचा बारीक आवाज तंबोऱ्याच्या भोपळ्यामुळे खोलीभर होतो, तसा या दाण्यांचा आणि कॉइलचा आवाज बोर्ड मोठा करतो. म्हणूनच संपूर्ण मोल्ड केलेले, वेढे हलायला जागाच नसलेले कॉइल लावलेलं महागडं कार्डही कधी कधी बोलतं. आणि एकाच मॉडेलची दोन कार्डं शेजारी ठेवली तर एक गप्प आणि एक बोलकं निघू शकतं. वेढ्यांमधली राळ किती भरली, बोर्ड कुठे घट्ट आवळला गेला, एवढ्याशा फरकाने बोर्डाची स्वतःची कंपनं बदलतात.

हे नुसतं मानून घेऊ नका, तपासून बघा. मी एका कार्डावर केलेली तपासणी सांगतो. तीन पंख्यांचं कार्ड होतं आणि तक्रार शब्दशः तुमचीच. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं एक साधं अॅप घेतलं, माइक कॅबिनेटच्या उघड्या बाजूजवळ धरला आणि गेमचा मेनू उघडून फ्रेम्सचा आकडा पडद्यावर घेतला. आकडा ११४० च्या आसपास हलत होता. अॅपमध्ये ११४० जवळ एक टोक, २२८० ला त्याहून उंच आणि ३४२० ला तिसरं. फ्रेम्सचा आकडा थोडा वर सरकला की तिन्ही टोकं सरकायची. मग ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये `Max Frame Rate` ६०० वर ठेवलं. टोकं लगेच ६००, १२००, १८०० वर गेली आणि सूर ऐकूनच कळेल इतका उतरला. शेवटी मर्यादा १४१ केली. शिट्टी गेली, कान कार्डाजवळ नेला तरच हलकी घरघर. त्याच वेळी कार्डाची वीज बघितली. मर्यादेविना मेनूत ते ३०० वॅटच्या पुढे होतं, मर्यादा घातल्यावर शंभराच्या आत. एक स्थिर मेनू दाखवायला ३०० वॅट! ती सगळी उष्णता आणि तो सगळा आवाज कोणीही न बघणाऱ्या फ्रेम्ससाठी होता.

सूर फ्रेम्सच्या मागे असा इमानदारीने धावत असेल तर निदान झालं म्हणून समजा. पंख्याच्या खराब बेअरिंगचा आवाज असं करत नाही. तो पंख्याच्या वेगाबरोबर सावकाश चढतो-उतरतो, आणि मेनूतून बाहेर पडलात तरी पंखा मंदावेपर्यंत रेंगाळतो. कॉइलचा आवाज गेम बंद करताच त्या क्षणी तुटतो.

मात्र सूर फ्रेम्सच्या मागे जातो म्हणून तो कार्डातूनच येतो असं नाही. कार्ड जे झटके मारतं ते १२ व्होल्टच्या तारांतून पॉवर सप्लायपर्यंत पोचतात, आणि तिथला ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या पीएफसी सर्किटचा मोठा चोक तोच सूर आळवू शकतात. जागा ठरवायची असेल तर जाड कागदाची गुंडाळी करून एक टोक कानाला आणि दुसरं आधी कार्डाकडे, मग पॉवर सप्लायच्या जाळीकडे धरा, पंख्यांपासून लांब. फरक चटकन कळतो. कार्डातून येणारा आवाज पॉवर सप्लाय बदलल्यावर थोडा कमी झालेलाही मी पाहिला आहे, कारण १२ व्होल्टवरची लहर, म्हणजे व्होल्टेजचा बारीक चढउतार, प्रत्येक सप्लायची वेगळी असते. पण त्याची हमी कोणी देऊ शकत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी नवा सप्लाय घेऊ नका.

पॉवर सप्लायची स्वतःची अशीही एक कुरकुर असते, आणि ती बरोबर उलट वेळी येते, म्हणजे भार जवळजवळ नसताना. कॉम्प्युटर बंद केलाय, प्लग मात्र चालू आहे आणि मागून बारीक चिरचिर येते, ती ही. त्या वेळी सप्लायला फक्त ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन सांभाळायची असते, काही वॅटसुद्धा नाहीत. एवढ्यासाठी सतत स्विचिंग केलं तर वीज वाया जाते, म्हणून कंट्रोलर थोडेसे पल्स सोडतो, थांबतो, पुन्हा सोडतो. पल्सचे हे झुबके सेकंदाला काहीशे ते काही हजार वेळा आले की ऐकू येतात. हा वीज वाचवण्याचा ठरवून केलेला प्रकार आहे, बिघाड नाही. माउसने पान सरकवताना येणारी टिकटिकही याच जातीची. चिप किंवा प्रोसेसर झोपेतून जागा होतो, पुन्हा झोपतो आणि करंट तसा उडतो.

मग अपाय होतो का? सरळ सांगतो, कॉइल हा कार्डावरचा सर्वांत टिकाऊ भागांपैकी एक आहे. दुरुस्तीला येणाऱ्या कार्डांत जळालेले मॉसफेट असतात, चिप किंवा मेमरीखालचं सुटलेलं सोल्डर असतं, पंखे अडकलेले असतात. शिट्टी वाजवून वाजवून तुटलेलं कॉइल माझ्या हाती आलेलं नाही. तारेवर वार्निशचा थर असतो, वेढे गाभ्यात दाबून बसवलेले असतात, आणि थरथर इतकी बारीक असते की त्याने काही झिजत नाही. फ्रेम्सचा वेग, तापमान, आयुष्य, यांवर आवाजाचा परिणाम नाही. कानालाही इजा होण्याइतका तो मोठा नसतो, फक्त त्रासदायक असतो. तो त्रास खरा आहे, आणि घरात एकाला छळतो तर दुसऱ्याला ऐकूच येत नाही, याचं कारण उंच सूर प्रत्येकाच्या कानाला वेगवेगळे ऐकू येतात हेच आहे.

भीती पसरण्यामागे एक गाजलेली घटना आहे. जुलै २०२१ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या बीटा चाचणीत काही आरटीएक्स ३०९० कार्डं बंद पडली, त्यांतली बरीच ईव्हीजीए कंपनीची होती, आणि गेमच्या मेनूत फ्रेम्सना मर्यादा नसल्याची चर्चा झाली. त्यावरून मेनूतली शिट्टी म्हणजे कार्ड मरणार, असा समज झाला. कंपनीने नंतर आपल्या कार्डांबद्दल दिलेलं कारण मॉसफेटच्या भागातलं सदोष सोल्डरिंग हे होतं. कच्चं सोल्डर असलेलं कार्ड अवजड भाराखाली उघडं पडलं, आवाजाने नाही. तरीही मेनूतल्या फ्रेम्सना मर्यादा घालावी हे मी सगळ्यांनाच सांगतो, कारण तो भार निव्वळ फुकटचा आहे.

काळजी करावी असे आवाज वेगळे असतात. ज्याला सूर नाही, जो फ्रेम्स किंवा भाराशी जुळत नाही, मधूनच चटचट करतो, तो ठिणगीचा असू शकतो. त्यात जळका वास आला किंवा मशीन अचानक बंद पडलं तर प्लग काढा आणि पुन्हा चालू करून ‘बघू’ नका. कार्डाचा पॉवर कनेक्टर पूर्ण आत बसलाय का, त्याचं प्लास्टिक कुठे वितळलंय का, हे मशीन बंद असताना बघा.

दुसरी खूण जास्त फसवी आहे: वर्षानुवर्षं गप्प असलेला पॉवर सप्लाय आता अचानक बोलायला लागतो. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, आउटपुटवरची लहर मोठी होते आणि कंट्रोलरचा तोल ढळायला लागतो. एरवी वरच्या वारंवारितेवर स्थिर चालणारं स्विचिंग मग अडखळतं आणि ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरतं. इथेही कॉइल निर्दोष असतं, ते फक्त कपॅसिटरची दुखणी बोलून दाखवतं. अशा सप्लायला सोबत दुसरी लक्षणंही असतात. थंड मशीन पहिल्या प्रयत्नात चालू होत नाही, भार आला की रीस्टार्ट होतं. असा सप्लाय बदला. तुमचा नवा आहे, त्यामुळे हे तुम्हाला लागू नाही, पण चार-पाच वर्षांनी आठवण ठेवा.

आता आवाज कमी करण्याचं. निम्म्याहून अधिक काम फ्रेम्सची मर्यादाच करते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर १४१ च्या आसपास ठेवा, गेममध्ये सोय नसेल तर ड्रायव्हरमधून. खेळतानाही आवाज उरला तर चिपचं व्होल्टेज उतरवा. चिपची वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून त्याच क्लॉकवर १.०५ व्होल्टऐवजी ०.९२५ व्होल्ट चाललं तर वीज वीसेक टक्क्यांनी कमी होते, आणि झटक्यांचा जोरही. व्होल्टेज पायरी-पायरीने उतरवा, दर पायरीला एखादा जड गेम अर्धा-एक तास चालवा. गेम बंद पडला किंवा पडद्यावर ठिपके दिसले तर एक पायरी मागे या. एवढं करायचं नसेल तर वीजमर्यादा उतरवणं सोपं आहे. एनव्हिडियाच्या कार्डावर अॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड खिडकीत आधी कार्ड कोणती किमान-कमाल मर्यादा स्वीकारतं ते बघा, मग तिच्या आतला आकडा द्या:

```
nvidia-smi -q -d POWER
nvidia-smi -pl 250
```

लिनक्सवर दुसऱ्या ओळीआधी `sudo` लागेल. मशीन रीस्टार्ट केलं की मर्यादा मूळ जागी येते, त्यामुळे बिनधास्त करून बघा. आवाजात फरक पडलाच नाही तर तुमच्या कार्डात बोर्डाचं स्वतःचं कंपन त्या सुराशी जुळून आलेलं असू शकतं, आणि फ्रेम्सची मर्यादा पाच-दहाने इकडेतिकडे सरकवण्याचा कधी कधी वीज कमी करण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

कार्ड काही तास पूर्ण भारावर ठेवलं की आवाज जातो, असा सल्ला तुम्हाला मिळेल. काही कार्डांत राळ तापून थोडी बसते आणि फरक पडतो, काहींत काहीच होत नाही, क्वचित आवाज वाढतोही. त्यावर विसंबू नका, विशेषतः परत देण्याची मुदत चालू असताना.

बदलून घेण्याबद्दल माझं मत असं: आधी १४१ ची मर्यादा घाला, कॅबिनेटची झाकणं लावा, आणि रोज जिथे बसता तिथे बसून ऐका. उघड्या कॅबिनेटजवळ कान नेऊन नाही. तिथेही आवाज टोचत असेल आणि विक्रेत्याची परतीची मुदत शिल्लक असेल तर खुशाल परत द्या. वॉरंटीत मात्र हे बहुधा बसत नाही, कारण बहुतेक कंपन्या कॉइल व्हाइनला दोष मानत नाहीत. आणि बदलून आलेलं कार्ड गप्पच असेल याची खात्री नसते. त्याच मॉडेलचं घेण्यापेक्षा त्याच चिपचं, पण दुसऱ्या बोर्डाचं कार्ड मिळालं तर शक्यता जास्त.

एक गोष्ट मात्र करू नका. कॉइलवर गोंद किंवा इपॉक्सी ओतण्याचे व्हिडिओ बघून हात घालू नका. मोल्ड केलेल्या कॉइलच्या आत तो शिरतच नाही, बाहेर चिकटून बसतो, थर्मल पॅडची जागा खातो आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. पॉवर सप्लायचं झाकण तर उघडूच नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहू शकतो. त्याचा धक्का जीवघेणा असतो. सप्लायचा आवाज सहन होत नसेल तर तो अख्खा बदलायचा, आत हात घालायचा नाही.